निबंधात ९ लाल गोल, तरी खरी चूक वेगळीच: मराठी निबंध तपासायचा कसा?

मुलाची वही घरी येते. निबंधावर लाल पेनाचे गोलच गोल, खाली ८ पैकी साडेतीन गुण आणि एका ओळीचा शेरा: ‘शुद्धलेखन सुधारा.’ आता सुधारायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मुलाला कळत नाही आणि पालकांनाही कळत नाही. मग प्रत्येक चुकलेला शब्द दहा वेळा लिहून काढायचा आणि पुढच्या निबंधात पुन्हा तेच गोल.

म्हणूनच आज एक निबंध तपासून बघू. हा निबंध आम्ही नमुन्यासाठी तयार केलाय, पण यातल्या चुका कुठल्याही वहीत सापडतील अशाच आहेत. विषय आहे ‘मी अनुभवलेला पाऊस’.

> पाऊस सर्वांनाच आवडतो. पाऊस म्हणजे निसर्गाचे वरदान. पाऊस आला की बळीराजा सुखावतो.
>
> त्या दिवशि शाळा सुटली आणी जोराचा पाऊस आला. मि आणी ताई पूलावर अडकलो. पूलाखालचं पाणि वर आलं होतं. ताईने माझं दप्तर स्वतःच्या डोक्यावर घेतलं. घरी आलो तर पत्र्यातून पाणि गळत होतं. आईने खाली भांडं ठेवलं. थेंबे थेंबे तळे साचे, तसं ते दर दहा मिनिटांनी भरत होतं.
>
> पाणी वाचवणे ही काळाची गरज आहे. झाडे तोडल्यामूळे प्रदूषण वाढले आहे. गरज सरो वैद्य मरो असे म्हणतात, म्हणून आपण झाडे लावली पाहिजेत.

दहावीच्या कुमारभारतीच्या पेपरात निबंधाला ८ गुण असतात, म्हणून आपणही ८ च धरू. विषय, परिच्छेदांचा ओघ, म्हणी आणि शुद्धलेखन यांना प्रत्येकी २. ही वाटणी आपल्या सोयीची आहे, बोर्डाची नाही.

पहिलं वाचन पेन खाली ठेवून

पेन हातात असलं की नजर आधी ऱ्हस्व-दीर्घाकडे जाते आणि निबंध काय सांगतोय ते राहूनच जातं. म्हणून आधी फक्त वाचायचं आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे वाक्य उचलून दुसऱ्या निबंधात टाकलं तर चालेल का?

‘पाणी वाचवणे ही काळाची गरज आहे’ हे वाक्य ‘पर्यावरण संवर्धन’ या निबंधात आरामात बसेल. पहिल्या परिच्छेदातली तिन्ही वाक्यं ‘माझा आवडता ऋतू’मध्ये चालतील. ताईने दप्तर डोक्यावर घेतलं, हे मात्र दुसरीकडे कुठेच बसणार नाही.

मोजून बघा. एकूण १३ वाक्यं, त्यातली ७ विषयाची आणि ६ कुठेही चालणारी. विषय ‘मी अनुभवलेला’ पाऊस असा आहे आणि जवळजवळ अर्ध्या निबंधात ‘मी’ नाहीच. विषय सुटतो तो असा. पाऊस सोडून क्रिकेटवर कुणी जात नाही, शेजारच्या पाठ केलेल्या निबंधात घुसतात.

आणखी एक खूण आहे. पहिल्या आणि तिसऱ्या परिच्छेदात ‘वाचवणे’, ‘वाढले आहे’ अशी पुस्तकी भाषा आहे, मधल्यात ‘आलं होतं’, ‘घेतलं’. मूल स्वतःचं सांगायला लागलं तिथेच भाषा बदलली. हे शुद्धलेखनात कापायचं नाही, एकच रूप शेवटपर्यंत ठेव एवढं सांगायचं.

विषयाला २ पैकी १.

ओघ तुटला कुठे?

प्रत्येक परिच्छेदाचं सार समासात एका ओळीत लिहा. इथे असं होईल: पाऊस सगळ्यांना आवडतो. पावसात अडकलो आणि घर गळत होतं. झाडे लावा.

या तीन ओळी सलग वाचल्या तर पहिलीतून दुसरी निघत नाही आणि दुसरीतून तिसरी. सुरुवातीला ‘पण त्या दिवशी मला तो आवडला नाही’ एवढं एक वाक्य असतं तरी पूल जोडला गेला असता.

दुसरी उडी परिच्छेदाच्या आत आहे. दोघं पुलावर अडकली आणि पुढच्या दोन वाक्यांनी थेट घरी! सुटली कशी? पाणी ओसरलं की कुणी हात दिला? वाचणाऱ्याला नेमकं तेच हवं होतं. शिवाय पूल आणि घर हे दोन प्रसंग आहेत, ‘घरी आलो’पासून नवा परिच्छेद हवा.

ओघाला २ पैकी १.

म्हण बसली की चिकटवली?

म्हण काढून वाक्य वाचा. काही कमी झालं नाही, तर ती चिकटवलेली आहे. मग मुलाला विचारा, या म्हणीचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग.

‘गरज सरो वैद्य मरो’ म्हणजे काम झालं की उपकार विसरणं. त्यावरून ‘म्हणून झाडे लावा’ निघत नाही. मुलाने बहुतेक ‘गरज’ हा शब्द बघून ती घेतली. दोन वाक्यं आधीच ‘काळाची गरज’ आलीये.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण सहसा बचतीसाठी वापरतो. इथे गळक्या पत्र्याखाली खरंच थेंबाथेंबाने भांडं भरतंय. ती काढली तर वाक्यातली गंमत जाते. असा वापर पाठ करून जमत नाही, त्याला गुण द्यायलाच हवेत.

एक बसली, एक चिकटवली. २ पैकी १.

आता पेन उचला

गोल होतात ९. पण शब्द मोजू नका, नियम मोजा. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम धरून बघू.

‘दिवशि’, ‘मि’ आणि दोनदा ‘पाणि’ हे चार गोल म्हणजे एकच नियम: शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. दिवशी, मी, पाणी. दोनदा आलेलं ‘आणी’ हा त्याच नियमाचा अपवाद चुकलाय, ‘आणि’ ऱ्हस्व राहतो.

‘पूलावर’, ‘पूलाखालचं’, ‘तोडल्यामूळे’ या तिन्हींचं मूळ एक आहे. पूल, मूळ हे शब्द दीर्घ, पण पुढे प्रत्यय लागला की पुलावर, मुळे असे ऱ्हस्व होतात. जसं फूल-फुलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत, शरीर-शरीराला.

म्हणजे ९ चुका नाहीतच. दोन नियम आणि एक अपवाद, एवढाच अभ्यास आहे. २ पैकी दीड.

गुण किती झाले?

एकूण साडेचार. चुकीला अर्धा गुण कापत गेलो असतो तर साडेतीन उरले असते. पण फरक त्या एका गुणाचा नाही. ९ पैकी ८ गोल मधल्या परिच्छेदात आहेत, जो मुलाने स्वतःच्या मनाने लिहिला. पाठ केलेल्या पहिल्या परिच्छेदात एकही नाही. नुसते गोल बघून मूल काय शिकेल? की पाठ केलेलं सुरक्षित आणि स्वतःचं लिहिणं महागात पडतं. पुढच्या वेळी ताई आणि गळकं भांडं दोन्ही गायब होतील.

म्हणून शेरा असा हवा: ‘ताई आणि भांड्याचा भाग छान. पुलावरून सुटलात कसे ते लिही, शेवटचा परिच्छेद काढ. शेवटचा इकार दीर्घ, पूल-पुलावर, एवढं बघून घे.’

याला पेनाची शाई थोडी जास्त लागेल. पण आता काय सुधारायचं, ते मुलाला कळेल.