एका खटल्यात किती आरोप?



फौजदारी न्यायालयात आरोपीला पहिला प्रश्न विचारला जातो तो दोषारोप वाचून दाखविल्यावर : गुन्हा कबूल आहे काय? या प्रश्नाचे उत्तर देण्याजोगे व्हावे म्हणून दोषारोपात गुन्ह्याचे नाव, कलम, काळ, स्थळ आणि ज्या व्यक्तीविरुद्ध वा ज्या वस्तूबाबत गुन्हा घडला ती व्यक्ती वा वस्तू नमूद करावी लागते. आपल्यावर नेमके काय ठेवले आहे हे ज्याला कळले नाही, त्याने बचाव कसला करावा?

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 रोजी अंमलात आली. तिच्या कलम 241 चा मूळ नियम असा, की प्रत्येक वेगळ्या गुन्ह्याला वेगळा दोषारोप आणि प्रत्येक दोषारोपाची वेगळी चौकशी. त्यापुढची कलमे अपवादांची आहेत. हे अपवाद एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

एका पतसंस्थेचा कारकून सभासदांनी भरलेले हप्ते स्वतःकडे ठेवू लागतो. हे 1 ऑगस्ट 2024 ते 31 डिसेंबर 2025 असे सतरा महिने चालते. अपहाराच्या पावत्या साठ आहेत. अपहार लपविण्यासाठी त्याने खतावणीत खोट्या नोंदी केल्या आहेत. शिवाय ऑक्टोबर 2024 मध्ये शेजाऱ्याची सायकल चोरल्याचाही त्याच्यावर आळ आहे. या सर्वांचा एकच खटला चालविता येईल काय?

प्रथम कलम 242 पाहू. एकाच प्रकारचे गुन्हे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत बारा महिन्यांच्या आत घडले असतील, तर त्यांपैकी पाचांपर्यंत एका खटल्यात घेता येतात. 1973 च्या संहितेच्या कलम 219 मध्ये हा आकडा तीन होता. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत दोन्ही आकडे पर्याय म्हणून शेजारीशेजारी दिसतात आणि विद्यार्थी तेथेच चुकतो. 1 जुलै 2024 पूर्वीपासून प्रलंबित असलेले खटले जुन्या संहितेनुसारच चालतात, म्हणून तेथे आजही तीनच.

मग साठ पावत्यांचे बारा खटले करावयाचे काय? नाही. पैशाच्या न्यासभंगासाठी कलम 235 ने वेगळी सोय केली आहे. प्रत्येक रक्कम व तारीख न देता एकूण रक्कम आणि सुरुवातीची व शेवटची तारीख दिली तरी चालते. असा एकत्रित दोषारोप कलम 242 पुरता एकच गुन्हा मानला जातो. अट एवढीच, की त्या दोन तारखांमधील अंतर एका वर्षाहून अधिक नसावे. आपला कारकून सतरा महिने अपहार करीत होता. म्हणून 31 जुलै 2025 पर्यंतचा एक दोषारोप आणि नंतरच्या पाच महिन्यांचा दुसरा. दोन्ही मिळून बारा महिन्यांच्या पलीकडे जातात, त्यामुळे कलम 242 च्या आधारे त्यांना एकत्र आणता येत नाही. ते सारे एकाच योजनेचे, एकाच संव्यवहाराचे भाग होते असे दिसले, तरच कलम 243 दार उघडते. पद्धत एकच होती, एवढ्यावर योजना एक ठरत नाही. आरोपीने स्वतः लेखी अर्ज केला आणि त्याच्या बचावाला बाध येणार नाही असे दंडाधिकाऱ्यास वाटले, तर मात्र एकत्र चौकशी होऊ शकते.

खोट्या नोंदींचा प्रश्न सोपा आहे. त्या अपहार लपविण्यासाठी केल्या असल्याने कलम 243 त्यांना त्या त्या अपहाराच्या खटल्यातच सामावून घेते. सायकलचोरी मात्र ना त्याच प्रकारची, ना त्याच संव्यवहाराची. ती स्वतंत्र खटल्यात गेली पाहिजे.

एवढी काटेकोर विभागणी का, याचे उत्तर इतिहासात सापडते. सुब्रह्मण्य अय्यर यांच्या मद्रासच्या खटल्यात दोन वर्षांच्या काळातील एक्केचाळीस कृत्ये एकाच खटल्यात गोवली होती. 1901 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती दोषसिद्धी रद्द केली. इतक्या गोष्टींच्या गर्दीत एकाचा पुरावा दुसऱ्याला नकळत आधार देतो आणि आरोपी साऱ्यांनीच माखला जातो, ही ती भीती.

पुढे कायदा थोडा सैल झाला. मध्य प्रदेशातील विली स्लेनी यांच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्ये आरोपीच्या बचावाला प्रत्यक्ष हानी पोहोचली काय, ही कसोटी ठरविली. भावासह समान हेतूने केलेल्या खुनाचा आरोप होता. भाऊ सुटला, तरी स्लेनींना आपल्यावरील आरोपाचे स्वरूप पूर्ण माहीत होते, म्हणून वेगळा दोषारोप नसणे घातक ठरले नाही. मात्र दोषसिद्धी खुनाची न राहता सदोष मनुष्यवधाची झाली. आज कलम 510 तेच सांगते : दोषारोपातील चुकीने, एकत्रीकरणाच्या चुकीनेही, निकाल आपोआप बाद होत नाही, न्यायाची हानी झाली असेल तरच होतो.

म्हणून कारकुनाच्या वकिलाने अपिलापर्यंत थांबू नये. दोषारोप वाचला जाईल त्याच दिवशी तारखा मोजाव्यात आणि आक्षेप नोंदवावा. निकालानंतर त्याला आपल्या अशिलाची हानी सिद्ध करावी लागेल. त्या दिवशी केवळ दिनदर्शिका पुरेशी असते.