सात सेकंदांची कल्हई

पितळेचं जुनं पातेलं भट्टीवर तापलेलं असतं. कल्हईवाला चिमूटभर नवसागर आत टाकतो, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी बुडाला टेकते आणि कापसाचा बोळा गरकन फिरला की काळवंडलेल्या पितळेवर चंदेरी लकाकी पसरत जाते. रस्त्यानं जाणारी माणसं थबकतात ती हे बघायला. नाशिकच्या भांडीबाजारातल्या एखाद्या दुकानाला दिवाळीसाठी तीस सेकंदांची जाहिरात करायची असेल, तर तिचा जीव या दृश्यात आहे. त्याला तीसपैकी किती सेकंद द्यायचे आणि उरलेल्या सेकंदांत काय बसवायचं, हा हिशेब कॅमेरा हातात घेण्याआधी कागदावर मांडावा लागतो. तो मांडलेला कागद म्हणजे स्टोरीबोर्ड.

दिसायला तो अगदी साधा असतो. कागदावर सात-आठ चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एका शॉटचं चित्र. चौकटीखाली तीन ओळी: कॅमेरा कुठे आहे आणि किती सेकंद, ऐकू काय येतं, आणि पडद्यावर कोणती अक्षरं दिसतात. चित्र सुबक असायची गरज नाही. माणसाच्या जागी काडीचा माणूस चालतो, पातेल्याच्या जागी लंबगोल चालतो. मात्र तो लंबगोल चौकटीत किती मोठा आणि कुठे, हे नेमकं हवं, कारण शूटिंगच्या दिवशी कॅमेरावाला तेवढंच बघतो. बाणांचीही एक रीत आहे. चौकटीच्या आतला बाण म्हणजे वस्तू किंवा माणूस हलतोय. चौकटीच्या बाहेर, कडेला काढलेला बाण म्हणजे कॅमेरा हलतोय. हा फरक पाळला नाही, तर पातेलं पुढे सरकवायचं की कॅमेरा पुढे न्यायचा यावरून ऐनवेळी वाद होतात.

ही पद्धत रुळली ती 1930च्या दशकाच्या सुरुवातीला, वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत. सुटी चित्रं टाचण्यांनी फळ्यावर लावून गोष्ट पुढेमागे करून बघायची, या कल्पनेचं श्रेय तिथल्या वेब स्मिथ या चित्रकाराला दिलं जातं. आपल्याकडे सत्यजित राय 1943मध्ये कोलकात्याच्या डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून लागले आणि पुढे ‘पथेर पांचाली’ करताना रूढ पटकथेऐवजी वहीत दृश्यांची चित्रं काढत गेले. जाहिरातीच्या टेबलावरची सवय त्यांनी सिनेमात नेली. भांड्यांच्या दुकानासाठी चौकटी आखणारा माणूस त्याच रीतीनं काम करत असतो.

आता भांडीबाजारातल्या त्या दुकानात जाऊ. उदाहरण म्हणून दुकान समजा तीन पिढ्यांचं आहे आणि मालकांच्या मनात जाहिरात तयारच आहे. ‘‘भाऊ, आजोबांचा फोटो सुरुवातीलाच घ्या. मग पाटी, मग पूजेची भांडी, तांब्याचे बंब, घंगाळं, समया. कल्हईपण करतो आपण, तेही दाखवा शेवटी.’’ चौकटी आखणारा नाही म्हणत नाही. तो सगळं जसंच्या तसं काढतो. चौदा चौकटी होतात. मग मोबाइलवरचं स्टॉपवॉच लावून एकेका चौकटीवर बोट ठेवत, ते दृश्य खरंच डोळ्यांपुढे आणत मोजतो. चव्वेचाळीस सेकंद. ‘‘शेठ, चौदा सेकंद कमी करायचेत. कोणते करू?’’ हा प्रश्न कागदावर विचारता येतो, हीच स्टोरीबोर्डची कमाई. शूटिंग झाल्यावर विचारला तर संकलक सगळेच शॉट थोडे थोडे कापतो. मग समई दिसते न दिसते तोच गायब होते आणि कल्हईला जेमतेम दोन सेकंद उरतात. दोन सेकंदांत पातेलं आधी पिवळं आणि मग पांढरं दिसतं, ते पांढरं होताना दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं, पातेलंच बदललं.

म्हणून वाटप उलट बाजूनं करावं लागतं. आधी कल्हईला सलग सात सेकंद, मध्ये एकही कट नाही. त्यानंतर शेवटच्या पाटीला पाच, कारण दुकानाचं नाव, खूण आणि फोन नंबर वाचायला तेवढा वेळ लागतोच. उरले अठरा. त्यातले पहिले तीन पहिल्या चौकटीला, आणि त्या चौकटीत आजोबांचा फोटो नाही. मोबाइलवर बोट वर सरकवत बसलेल्या माणसाला थांबवायचं असेल, तर त्याच्या घरातलं काहीतरी दाखवावं लागतं: वरून घेतलेला क्लोजअप, कल्हई उडालेलं पातेलं, बुडाला पिवळे-काळे डाग. अक्षरं: ‘आजीचं पातेलं अजून माळ्यावरच?’

दुसरी चौकट दोन सेकंदांची, पिशवीतून पातेलं काउंटरवर येतं. तिसरी तीन सेकंदांची, भट्टीच्या पातळीवरून वर बघणारा लो अँगल, निखारे पुढे आणि पातेलं मागे, भात्याचा आवाज. चौथीत नवसागराचा धूर, तोही तीन सेकंद. पाचवी ती सात सेकंदांची. सहावीत तापलेलं पातेलं पाण्यात जातं आणि चर्र आवाज होतो, दोन सेकंद. सातवीत पाच सेकंद: बाई पातेलं हातात घेऊन आत बघतात आणि कॅमेरा हळूच त्यांच्यामागच्या फळ्यांवरून फिरतो. बंब, घंगाळं, समया, सगळं तिथे आहे आणि भिंतीवर आजोबांचा फोटोही आहे. आठवी शेवटची पाटी. बेरीज तीस.

पाचवी चौकट जवळून बघण्यासारखी आहे. कॅमेरा थेट डोक्यावर धरला तर पातेल्याचं तोंड पूर्ण गोल दिसतं, छान दिसतं, पण दोन अडचणी येतात. कल्हईवाल्याचा हात आणि मनगट मधोमध येऊन बूड झाकतं. दुसरं म्हणजे कल्हई चढत जाते तसं भांडं उजळतं आणि त्यात वरचा कॅमेरा, मोबाइल धरलेले हात, छताची ट्यूबलाइट, सगळं दिसायला लागतं. भांड्यांच्या जाहिरातीतला हा नेहमीचा दोष, आणि तो मोबाइलच्या लहान पडद्यावर शूटिंगच्या वेळी लक्षातही येत नाही. म्हणून चौकटीत पातेल्याचा गोल न काढता लंबगोल काढायचा: कॅमेरा कल्हईवाल्याच्या डाव्या खांद्यामागून तिरका खाली बघतो, उजवा हात समोरच्या बाजूला फिरतो. चौकटीखाली एक टीप लिहायची, ‘वर पांढरी चादर’. मग भांड्यात ट्यूबलाइटची रेघ न दिसता मऊ पांढरा उजेड दिसतो. धुराच्या चौकटीत उजेड मागून हवा, समोरून पडला तर नवसागराचा धूर भिंतीत मिसळून जातो.

दुसऱ्या आणि सातव्या चौकटीत वेगळीच चूक होऊ शकते. पातेलं देताना बाई काउंटरच्या डावीकडे आहेत आणि उजवीकडे बघतायत, दुकानदार समोरून डावीकडे बघतोय. या दोघांना जोडणारी एक रेघ मनात आखायची आणि सगळे शॉट रेघेच्या एकाच बाजूनं घ्यायचे. सातव्या चौकटीसाठी कॅमेरावाला सहज काउंटरच्या पलीकडे गेला, तर बाई आता डावीकडे बघताना दिसतील. बघणाऱ्याला वाटतं, त्या पातेलं परत करायला आल्यात. चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या की नाकांच्या दिशेवरूनच ही चूक पकडता येते.

अक्षरांचं काम बहुतेक जण शेवटावर टाकतात, आणि तिथेच जाहिरात बिघडते. ती मोबाइलवर उभ्या पडद्यात बघितली जाणार असेल, तर चौकटही उभीच आखायची, नऊ रुंद आणि सोळा उंच या प्रमाणात. अशा व्हिडिओवर खालच्या बाजूला खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजव्या कडेला बटणं येतात. त्यामुळे खालचा साधारण पाचवा भाग आणि उजवी कड चौकटीत आधीच पेन्सिलनं काळी करून ठेवावी आणि अक्षरांची ओळ उरलेल्या जागेत लिहून बघावी. किती शब्द बसतात याची साधी कसोटी आहे: ती ओळ चौकटीच्या वेळेत सावकाश मोठ्यानं एकदा वाचून झाली पाहिजे. ‘आजीचं पातेलं अजून माळ्यावरच?’ तीन सेकंदांत होतं. ‘आमच्याकडे सर्व प्रकारच्या पितळी भांड्यांना खात्रीशीर कल्हई करून मिळेल’ होत नाही. धुराच्या चौकटीवर ‘इथेच, तुमच्यासमोर’ एवढं पुरतं.

कल्हईच्या चौकटीवर पहिली पाच सेकंदं एकही अक्षर नको. हात फिरत असताना डोळा हाताकडे असतो, ओळ आली की तो ओळीकडे जातो आणि लकाकी निसटते. शेवटच्या दोन सेकंदांत, पातेलं पूर्ण पांढरं झाल्यावर, एकच शब्द: ‘कल्हई’. याच शब्दाची एक काळजी घ्यावी लागते. व्हिडिओ जोडायच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची सेटिंग चालू केली नाही, तर ‘ल्ह’ फुटून ल्‌ आणि ह वेगळे दिसतात. म्हणून सगळ्या ओळी आधी त्याच सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून बघितलेल्या बऱ्या. चकचकीत पितळेवर पांढरी अक्षरंही टाकू नयेत. बारीक शिरोरेघ लकाकीत विरते आणि वेलांट्या अधांतरी दिसतात. मागे गडद पट्टी हवी.

चौकटी पक्क्या झाल्या की मोबाइलनं एकेकीचा फोटो काढायचा, ते फोटो ठरलेल्या सेकंदांनी जोडायचे आणि त्यावर भात्याचा, पाण्याचा आवाज तोंडानंच काढून भरायचा. तीस सेकंदांचा हा कच्चा व्हिडिओ ज्यांनी कागद पाहिला नाही अशा दोघांना दाखवायचा आणि दुकान कशाचं, कुठे, एवढंच विचारायचं. ‘कल्हईवाला’ एवढंच उत्तर आलं, भांड्यांची विक्री लक्षातच आली नाही, तर सातव्या चौकटीतल्या फळ्या फार मागे राहिल्यात. तिथे कॅमेरा बाईंकडून लवकर निघायला हवा. बदल रबरानं होतो.

शूटिंग मात्र चौकटींच्या क्रमानं होत नाही. दुकानाचा सातवा शॉट सकाळी, गर्दी व्हायच्या आत. भट्टीचे शॉट संध्याकाळी, कारण निखाऱ्यांचा रंग कडक उन्हात दिसत नाही. आणि पाचव्या चौकटीच्या समासात एक ओळ आधीच लिहिलेली असते: ‘पातेली तीन’. एकदा कल्हई चढली की ते पातेलं पुन्हा काळं होत नाही, त्यामुळे हात चुकला, कोणी मध्ये आलं, फोकस गेला, तर दुसरा प्रयत्न दुसऱ्याच पातेल्यावर. तिन्ही एकाच मापाची आणि सारख्याच डागांची हवीत, नाहीतर पहिल्या चौकटीतलं आजीचं पातेलं आणि भट्टीवरचं पातेलं जुळणार नाही. ती गोळा करायला मालकांना आठवडा लागू शकतो, म्हणून हा कागद त्यांच्या हातात शूटिंगच्या आठवडाभर आधी पडायला हवा.