फर्निचर भाडेकरूचं, भाडं माफ मालकाचं?

शाळा सुरू होण्याआधी घर बदलण्याची गडबड आणि वाढत्या भाड्यांच्या बातम्या, दोन्ही जोरात असतात. त्यातच रिकाम्या फ्लॅटच्या मालकांना एक प्रस्ताव हमखास ऐकू येतो : ‘काका, फर्निचर मी माझ्या खर्चाने करतो, तुम्ही आठ महिने भाडं घेऊ नका.’

हिशेब मांडून पाहू. पुण्यातला टू बीएचके, भाडं महिना ३०,०००. भाडेकरूचं एस्टिमेट २,४०,०००, म्हणजे आठ महिन्यांचं भाडं. करार मात्र ११ महिन्यांचा. मालकाच्या हाती पडणार फक्त ९०,०००.

आता एस्टिमेट ओळीओळीने वाचा. किचन ट्रॉल्या ८०,००० आणि भिंतीतली कपाटं ७०,०००, हे घरात राहणार. बेड, पडदे, टीव्ही युनिट यांचे ९०,००० भाडेकरूबरोबर टेम्पोत चढणार. त्यांची भरपाई मालकाने का करावी? म्हणजे बोलणी दीड लाखावरच व्हायला हवीत. तीही सुरुवातीला सलग भाडं सोडून नव्हे, तर ३६ महिन्यांचा करार करून ३० महिने दरमहा ५,००० वळते करून. भाडेकरू दहाव्या महिन्यात निघाला, तर ५०,००० फिटलेले असतात आणि लाख उरतात. तो स्वतःहून गेला तर उरलेल्या रकमेवर त्याचा हक्क नाही, मालकाने मुदतीआधी काढलं तर ती रोख द्यायची, एवढं करारात लिहिलं की दोघंही सुरक्षित.

मला खरी काळजी वाटते ती तोंडी बोलीची. लिव्ह अँड लायसन्सचा पाया असलेल्या १८८२च्या ईझमेंट्स कायद्यात कलम ६० (ब) आहे. परवान्यावर विसंबून एखाद्याने स्वखर्चाने कायमस्वरूपी काम केलं, तर तो परवाना मागे घेता येत नाही, असं ते सांगतं. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका शाळेच्या जागेबाबत हेच कलम लावलं, पण दोघांनी वेगळं ठरवलं असेल तर ते चालतं, हेही स्पष्ट केलं. कपाट ठोकणं म्हणजे कायमस्वरूपी काम नव्हे. पण भिंत पाडून नवं बाथरूम काढलं, तर वादाला जागा होते. त्यात करार नोंदवलेला नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

म्हणून नोंदणीकृत करारातच लिहा : कामाची यादी ही, बिलं आणि फोटो जोडले आहेत, बसवलेली वस्तू मालकाची, खर्च भाड्यातून फिटणार, मुदत संपताच जागा सोडायची. भिंत, प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंगला मात्र भाडेकरूचा हात लागू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. खालच्या घराच्या छताला ओल आली की सोसायटीची नोटीस मालकाच्याच नावाने निघते, आणि तोवर भाडेकरू दुसऱ्या घरी राहायला गेलेला असतो.