एका प्रश्नाची दोन उत्तरे

समजा, तुम्ही विज्ञानाची ऑनलाइन चाचणी सोडवीत आहात. पडद्यावर प्रश्न येतो : ‘चंद्राची पृथ्वीभोवती एक फेरी किती दिवसांत पूर्ण होते?’ पर्याय आहेत २४, २७.३, २९.५ आणि ३१. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सुमारे २९.५ दिवस जातात, म्हणून तुम्ही तो पर्याय निवडता. संगणक मात्र २७.३ बरोबर मानतो आणि तुमचा गुण जातो. मग चुकले कोण?

घड्याळाकडे पाहा. बारा वाजता दोन्ही काटे एकावर एक असतात. मिनिटकाटा ६० मिनिटांनी पुन्हा बारावर येतो. पण तोवर तासकाटा एकावर सरकलेला असतो. त्याला गाठण्यासाठी मिनिटकाट्याला आणखी सुमारे साडेपाच मिनिटे लागतात. चंद्राचेही असेच आहे. ताऱ्यांच्या मानाने तो २७.३ दिवसांत मूळ जागी येतो. हा नाक्षत्रमास. पण तेवढ्या काळात, पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे, सूर्य आकाशात सुमारे २७ अंश पुढे सरकलेला दिसतो. चंद्र रोज सुमारे १३ अंश चालतो. म्हणून सूर्याला गाठून पुन्हा अमावास्या होण्यास त्याला आणखी दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. हा २९.५ दिवसांचा चांद्रमास. फेरी कशाच्या संदर्भात मोजायची, हे प्रश्नात सांगितलेलेच नाही.

संगणक तुमचे उत्तर साठवलेल्या उत्तराशी फक्त ताडून पाहतो. प्रश्नातील संदिग्धता त्याला कळत नाही. ती शिक्षकांनाच कळवावी लागते. ई-मेल असा लिहिता येईल :

‘विषय : विज्ञान चाचणी, प्रश्न ७ – दोन अर्थ संभवतात
आदरणीय सर, सादर नमस्कार.
प्रश्न ७ मध्ये चंद्राच्या फेरीचा काळ विचारला आहे. ताऱ्यांच्या संदर्भात तो २७.३ दिवस, तर सूर्याच्या संदर्भात २९.५ दिवस येतो. दोन्ही पर्याय दिलेले आहेत. मी दुसरा अर्थ घेऊन २९.५ निवडले. “ताऱ्यांच्या संदर्भात” हे शब्द घातल्यास एकच उत्तर राहील, असे वाटते. कृपया पाहावे.
आपली विद्यार्थिनी’

या पत्रात प्रश्नाचा क्रमांक आहे, दोन्ही अर्थ आहेत, आपले उत्तर कोणत्या अर्थाने दिले ते आहे आणि दुरुस्तीही आहे. ‘प्रश्न चुकीचा आहे’ एवढेच लिहिले असते, तर शिक्षकांना काय तपासायचे तेच कळले नसते.

शिक्षकांनाही एक पडताळा घेता येतो. एरवी उत्तम गुण मिळविणारी मुले या एकाच प्रश्नात दोन पर्यायांत विभागली गेली असतील, तर शंका रास्त ठरते. मग दोन्ही उत्तरे ग्राह्य धरून गुण पुन्हा मोजता येतात. मात्र कोणी २४ निवडून ‘प्रश्न संदिग्ध होता’ म्हणेल, तर ते चालणार नाही. कारण चंद्राची फेरी कोणत्याही अर्थाने २४ दिवसांची होत नाही.