सत्तर घरांचा निरोप

गावातल्या पतसंस्थेचा लिपिक कर्जदारांना पाठवायचा एसएमएस लिहितो: ‘आपल्या कर्जाचा हप्ता रु. २,४५० दिनांक १०/०६/२०२५ रोजी देय आहे. कृपया वेळेत भरणा करावा ही नम्र विनंती.’ मजकूर सभ्य आहे, दोन ओळींचाच दिसतो. तरी महिनाअखेरीस बिल येतं ते दर कर्जदारामागे दोन संदेशांचं.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साधी रोमन अक्षरं प्रत्येकी सात बिटांत बसवता येतात, म्हणून इंग्रजी मजकुराला १६० घरं मिळतात. देवनागरीला प्रत्येक घरासाठी दोन बाइट लागतात, त्यामुळे मराठीला उरतात ती ७०. अर्धा मजकूर इंग्रजीत लिहूनही जागा वाचत नाही, कारण एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी सगळा संदेश ७० च्या हिशेबात जातो.

शिवाय आपण डोळ्यांनी मोजतो ती अक्षरं आणि यंत्र मोजतं ती घरं सारखी नसतात. ‘हप्ता’ आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो. यंत्राला त्यात ह, प, हलन्त, त आणि काना अशी पाच घरं दिसतात. काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त, प्रत्येकाला आपापलं घर लागतं, मोकळ्या जागेलाही. या हिशेबाने लिपिकाचा मजकूर १०१ घरांचा होतो, तोही संस्थेचं नाव न घालता. लांब संदेशाचे तुकडे होतात आणि ते फोनवर पुन्हा जुळावेत म्हणून प्रत्येक तुकड्यातली तीन घरं खुणेसाठी जातात, म्हणजे तुकड्याला ६७ च उरतात. ७१ घरांच्या निरोपालाही दोन संदेशांचे पैसे पडतात ते यामुळे.

कात्री आधी कुठे लावायची? ‘रु.’ला तीन घरं लागतात, ₹ ला एक. अंक देवनागरी घ्या वा इंग्रजी, जागा तेवढीच. ‘देय आहे’ आणि ‘भरणा करावा’ या दोन्हींचं काम एकटं ‘भरावा’ करतं. ‘कृपया’ मी काढते आणि त्याची खंत वाटत नाही, कारण मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘भरा’ऐवजी ‘भरावा’ लिहायला दोनच घरं जास्त लागतात, पण हुकमाची विनंती होते. एका शब्दापासून मात्र दूर राहावं, तो म्हणजे ‘थकबाकी’. मुदत संपण्याआधी तो वापरला तर वेळेवर भरणाऱ्या माणसावर आपण थकल्याचा शिक्का मारतो. दुखावलेला कर्जदार शाखेत येऊन विचारतो, ‘मी कधी थकवलं?’, आणि त्याचं बरोबर असतं.

यातून तयार झाला हा मजकूर:

कर्ज खाते ११८७: जूनचा हप्ता ₹२,४५० दि. १० पर्यंत भरावा. -पतसंस्था

घरं ६५. जूनमध्ये सगळं सुरळीत चालतं. सप्टेंबर येतो तेव्हा ‘जूनचा’च्या पाच घरांच्या जागी ‘सप्टेंबरचा’ दहा घरं मागतो आणि संदेश बरोबर ७० वर टेकतो. ज्यांचा हप्ता ₹१,१२,४५० आहे त्यांचा ७३ वर जातो. म्हणजे मोठ्या कर्जदारांचेच संदेश गुपचूप दुहेरी होतात आणि ते कळतं बिलावरूनच. म्हणून मोजणी नेहमी सर्वांत लांब रकमेने आणि सर्वांत लांब महिन्याने करावी. इथे महिन्याचं नाव काढून तारखेतच घातलं की काम होतं:

कर्ज खाते ११८७: हप्ता ₹२,४५० दि. १०/६ पर्यंत भरावा. -पतसंस्था

आता ६१ घरं. मोठी रक्कम आणि डिसेंबर एकत्र आले तरी ६५. ‘दि.’ काढून आणखी चार घरं वाचली असती, पण मग रक्कम आणि तारीख एकमेकांना चिकटतात आणि चष्मा शोधणाऱ्या माणसाला दोन्ही आकडे एकच वाटतात. ती चार घरं मी देईन. संस्थेचं पूर्ण नाव घालायचं तर उरलेल्या पाच घरांत बसतं का ते आधी बघावं.

मोजायला एक्सेल पुरतं. मजकूर `A2` मध्ये ठेवून शेजारी `=LEN(A2)` लिहिलं की काना-मात्रांसकट घरं मिळतात. आकडा डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा एकदोनाने जास्त आला, तर दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरात न दिसणारं जोडचिन्ह किंवा शेवटी मोकळी जागा आलेली असते. मजकूर पुन्हा हाताने टाइप केला की ती जाते.

ही सगळी मोजणी आधीच करायची, कारण ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थेला असा मजकूर साचा म्हणून आधी नोंदवावा लागतो. बदलत्या रकमेच्या आणि तारखेच्या जागी त्यात ठरलेली खूण असते, बाकीचा शब्द न् शब्द मंजूर झालेल्या साच्याशी जुळावा लागतो. सप्टेंबरात चूक उमगली तर नवा साचा घेऊन पुन्हा मंजुरीच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि दहा तारीख तोवर थांबत नाही.