गुण द्यायच्या आधीचं एक मिनिट

बाळंतपणाच्या फाइलवर बाळाच्या नावाआधी दोन आकडे चढतात. एक पहिल्या मिनिटाचा अपगार गुणांक, दुसरा पाचव्या मिनिटाचा. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात नवजात बाळाच्या तपासणीचा धडा आला की हाच तक्ता आधी पाठ होतो. ऊब आणि स्तनपान हे विषय त्यानंतर, ‘काळजी’ या सदराखाली येतात. तपासणी म्हणजे विज्ञान आणि ऊब-दूध म्हणजे मायेचा भाग, अशी वाटणी त्यातून नकळत मनात बसते. ही वाटणी चुकीची आहे, असं मला ठामपणे वाटतं. पहिल्या तासात बाळाचं काय होणार हे त्या दहा गुणांपेक्षा ते किती लवकर कोरडं झालं, कुठे ठेवलं गेलं आणि छातीला कधी लागलं यावर अधिक ठरतं. खानदेशातल्या हिवाळ्यात तर ते फारच स्पष्ट दिसतं.

हा तक्ता आला कुठून, ते पाहिलं की त्याची मर्यादाही कळते. न्यूयॉर्कमधल्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये तो मांडला आणि पुढच्या वर्षी तो छापून आला. प्रसूतीच्या वेळी सगळ्यांचं लक्ष आईकडे असे आणि निपचित जन्मलेल्या बाळाकडे नीट पाहिलंच जात नसे. कोणीतरी ठरलेल्या वेळी बाळाकडे पाहावं, हा त्यांचा हेतू होता. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, चाळवल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि रंग या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके मिनिटाला शंभर किंवा त्याहून जास्त असतील तर दोन, शंभरच्या खाली असतील तर एक, नसतील तर शून्य. ठोके मोजायला मिनिटभर थांबावं लागत नाही. सहा सेकंद मोजून दहाने गुणलं की झालं. हातपाय ओढून घेतलेलं, जोरात रडणारं बाळ बहुतेक गुण मिळवतं. तरी पहिल्या मिनिटाला दहापैकी दहा क्वचितच मिळतात, कारण तळहात-तळपाय निळसर असणं त्या वेळी स्वाभाविकच असतं. आपल्याकडच्या सावळ्या बाळांचा रंग तर कातडीवरून ठरवूच नये. ओठ आणि जीभ पाहावी.

पण जे बाळ रडत नाही, त्याला पहिला गुण मिळायच्या आतच मदत सुरू व्हायला हवी. पुसणं, स्राव अडकला असेल तरच तोंड आणि मग नाक साफ करणं, पाठ चोळणं किंवा तळव्यावर टिचकी मारणं, आणि एवढं करूनही श्वास आला नाही तर पिशवी-मास्कने हवा देणं, हे सगळं पहिल्या साठ सेकंदांत यायला हवं. हवा मिनिटाला चाळीस ते साठ वेळा द्यायची आणि दर दाबाला छाती वर येते का ते पाहायचं. छाती हलत नसेल तर मास्क नीट बसलेला नाही, डोक्याची ठेवण चुकली आहे किंवा तोंडात स्राव अडकला आहे. साठाव्या सेकंदाला गुण मोजून मग काय करायचं ते ठरवणारा माणूस उशीर करून बसलेला असतो. म्हणून पहिला निर्णय एकाच प्रश्नावर घ्यायचा: बाळ नीट श्वास घेतंय का?

एवढं साधं निरीक्षण पुरतं का, या शंकेचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोलीच्या ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, बेताचं शिकलेल्या आरोग्यदूत बायका प्रसूतीच्या वेळी हजर राहत. त्यांच्याकडे अपगारचा तक्ता नव्हता. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळ रडलं का, श्वास आहे का, तो मंद किंवा धापा टाकल्यासारखा आहे का, एवढंच त्या पाहत. सोबत काटा, थर्मामीटर आणि बाळाला ठेवायची उबदार पिशवी असे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आले होते. सगळं श्रेय ऊब आणि दुधाला देणं बरोबर होणार नाही, कारण जंतुसंसर्गावर इंजेक्शनं देणं हाही त्या कामाचा मोठा भाग होता. मात्र बाळाकडे पाहून कृती ठरवायला मोठा तक्ता लागत नाही, हे त्यातून नक्की कळलं. २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या, त्याही याच अनुभवाच्या पायावर.

आता एक उदाहरण पायरी-पायरीने पाहू. समजा, डिसेंबरातल्या एका पहाटे पारोळा तालुक्यात २१०० ग्रॅमचं बाळ जन्मलं. धुळे-जळगाव पट्ट्यात त्या दिवसांत पारा दहाच्याही खाली जातो, आणि प्रसूतीची खोली बंद असली तरी २५ अंश सहसा नसते. पहिल्या मिनिटाला ठोके १२०, म्हणून दोन गुण. रडणं क्षीण, हातपाय थोडेच आखडलेले, चाळवल्यावर नुसतं तोंड वाकडं केलं, अंग गुलाबी पण हातपाय निळे. या चारांचे एकेक मिळून चार. एकूण सहा. पाठ चोळल्यावर ते जोरात रडलं आणि पाचव्या मिनिटाला हातापायांचा निळेपणा वगळता सगळे गुण मिळून नऊ झाले. फाइलवर हे बाळ उत्तम दिसतं. त्यानंतर त्याला काट्याच्या थंड पत्र्यावर ठेवलं, पुसलेल्या ओल्या कापडातच गुंडाळलं आणि आईला टाके पडेपर्यंत बाजूच्या टेबलावर निजवलं. तासाभराने काखेतलं तापमान ३५.६. पोटाला हात लावला तर गार, पावलंही गार. छातीला लावलं तर ओढत नाही.

नऊ गुण मिळवलेल्या बाळाचं तासाभरात हे का झालं? इथे थोडा हिशेब करून बघावा. एक किलो शरीर एका अंशाने निवायला साधारण ०.८३ किलोकॅलरी उष्णता जावी लागते, म्हणजे या बाळाच्या बाबतीत सुमारे पावणेदोन. त्वचेवरचं एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी घेऊन जातं. शरीरात नव्याने तयार होणारी उष्णता क्षणभर बाजूला ठेवली, तर अवघं तीन ग्रॅम पाणी वाळलं की बाळ एक अंशाने निवतं. तीन ग्रॅम म्हणजे चहाचा चमचाही भरत नाही, आणि नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या केसांत, काखांत, जांघांत त्याहून जास्त ओल असते. त्यातच थंड पत्रा आणि खिडकीतला वारा. मोठी माणसं कुडकुडून ऊब निर्माण करतात, बाळाला ते जमत नाही. ते मानेभोवती आणि खांद्यांमध्ये साठलेली खास तपकिरी चरबी जाळतं. त्यात प्राणवायू आणि साखर खर्च होते, आणि कमी वजनाच्या बाळाकडे दोन्हींचा साठा मुळात थोडा. साखर उतरली की बाळ सुस्तावतं, सुस्तावलं की ओढत नाही, दूध पोटात गेलं नाही की साखर आणखी उतरते. यातलं काहीच अपगारच्या पाच रकान्यांत दिसत नाही. म्हणून काखेतलं ३६.५ ते ३७.५ तापमान आणि हाताचा स्पर्श हीसुद्धा तपासणीच आहे. पोट ऊबदार आणि पावलं गार असतील तर थंडीचा ताण सुरू झालाय. दोन्ही गार असतील तर बाळ खरंच निवलंय.

याच बाळाचा तास वेगळ्या क्रमाने गेला असता तर? गरम केलेल्या कोरड्या कापडाने डोक्यापासून पुसायचं, ते ओलं कापड तिथेच टाकून द्यायचं, बाळ उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दुसरं कोरडं कापड आणि डोक्याला टोपरं घालायचं. बाळ रडत असेल तर नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायची. वजन आणि ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन पहिल्या दुधानंतर, आंघोळ निदान चोवीस तासांनी. टाके पडत असतानाही बाळ छातीवर राहू शकतं. ते तिथे ऊब घेतं, वास घेत सरकतं आणि बहुधा तासाच्या आत तोंड लावतं. पहिला घट्ट, पिवळसर चीक चमचाभर येतो म्हणून ‘दूध उतरलं नाही’ असं ठरवून मध, गूळपाणी किंवा गुटी चाटवली जाते. पण त्या दिवशी बाळाची एका वेळची गरजच थोड्या मिलिलिटरची असते. बाहेरचं काही चाटवून भूक मारली की छाती ओढली जात नाही, आणि ओढल्याशिवाय दूध वाढत नाही.

यावर एक चांगला आक्षेप असा की, घानामध्ये सुमारे अकरा हजार बाळांच्या पाहणीत तासाभरात पाजलेली बाळं जास्त जगली खरी, पण आजारी बाळ उशिरा पितंच, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? २००६ च्या त्या अभ्यासात दुसऱ्या दिवसापर्यंत जगलेल्याच बाळांचा हिशेब धरला होता आणि आजारी बाळं वेगळी काढूनही फरक दिसला. तरी ती पाहणीच होती, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हे. उबेबाबत मात्र तसा प्रयोग झाला आहे. भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच आईच्या छातीवर ठेवलं. २०२१ मध्ये छापलेल्या निकालात २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले, तेही दुसऱ्या गटातली बाळं वॉर्मरवर, चांगल्या कक्षात असताना. याचा अर्थ वॉर्मर काढून टाका असा नाही. ज्या बाळाला हवा द्यायची आहे त्याला तो लागतोच, आणि त्या प्रयोगातही छातीवरच्या बाळांना प्राणवायू आणि औषधं मिळतच होती.

दुसरा आक्षेप रात्रपाळीच्या सिस्टरचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. छातीवरचं बाळ झोपेत नाक दाबलं जाऊन अचानक निळं पडू शकतं. दमलेल्या, सिझेरियन झालेल्या आईच्या ते लक्षात येईलच असं नाही. म्हणून मान एका बाजूला, नाक-तोंड मोकळं, आणि पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी श्वास, रंग आणि पावलं पाहायची. सिस्टर एकटी असेल तर आजी किंवा मावशीला नेमकं काय पाहायचं ते दाखवून ठेवावं. बाळ नुसतं आईजवळ देऊन निघून जाणं ही ऊब नव्हे.

आपल्या २१०० ग्रॅमच्या बाळाला एवढ्यावर बहुधा आईजवळच ठेवता येईल. १८०० ग्रॅमच्या खाली, चौतिसाव्या आठवड्याआधी, किंवा छातीवर ठेवूनही तापमान चढत नसेल, श्वास मिनिटाला साठच्या वर असेल, तर जिल्हा पातळीवरच्या नवजात कक्षात न्यावं लागतं. पारोळ्याहून धुळं पस्तीसेक किलोमीटर. त्या प्रवासात बाळ आईच्या, आई येऊ शकत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या उघड्या छातीला बांधून न्यावं. निघण्यापूर्वी ओढत असेल तर पाजावं, नसेल तर साखर तपासून घ्यावी. चिठ्ठीवर अपगारच्या आकड्यांसोबत निघतानाचं तापमान, शेवटचं दूध किती वाजता आणि लघवी झाली का, एवढं लिहिलेलं असलं तर पलीकडच्या डॉक्टरला कुठून सुरुवात करायची ते लगेच कळतं.