ग्रॅफाइट निम्मं भरतं तेव्हा

लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल अगदी सावकाश, वीसेक तासांत रिकामा होईल अशा बेताने वापरला आणि त्याच्या व्होल्टेजचा आलेख काढला, तर रेघ बराच वेळ जवळजवळ सपाट जाते. नीट पाहिलं की मध्ये एक बारीक पायरी दिसते. 3.34 व्होल्टच्या आसपास रेंगाळलेली रेघ 3.30च्या जवळ उतरते आणि तिथे पुन्हा सपाट होते. सेलचं व्होल्टेज म्हणजे कॅथोड आणि अॅनोड यांच्या विभवांतला फरक. फॉस्फेटचा कॅथोड या काळात 3.43 व्होल्टवरून फारसा हलत नाही. म्हणजे पायरी येते ती ग्रॅफाइटच्या अॅनोडकडून.

ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या पातळ पत्र्यांची चळत. चार्जिंगमध्ये लिथियम या पत्र्यांमधल्या फटींत शिरतं, पण सगळ्या फटींत सारखं पसरत नाही. फट रुंद करायला ऊर्जा लागते, त्यामुळे एकदा उघडलेली फट भरून घेणं स्वस्त पडतं. शिवाय भरलेल्या फटी एकमेकींना दूर ठेवतात. आधी तीन-चार पत्र्यांआड एक फट भरते, मग एकाआड एक, शेवटी प्रत्येक. एकाआड एक भरलेल्या अवस्थेत बारा कार्बनमागे एक लिथियम असतं आणि ग्रॅफाइट तांबडं दिसतं. पूर्ण भरल्यावर सहा कार्बनमागे एक, आणि रंग चक्क सोनेरी!

तांबड्याचं सोनेरी होताना दोन्ही अवस्था शेजारी-शेजारी नांदतात. उकळत्या पाण्याचं तापमान जसं सगळ्याची वाफ होईपर्यंत चढत नाही, तसंच इथे विभव 0.085 व्होल्टच्या आसपास थांबतं. तांबडी अवस्था तयार होताना ते 0.12 व्होल्टजवळ थांबलेलं असतं. 3.43मधून हे आकडे वजा केले की वरचे दोन सपाट भाग मिळतात. पायरी आली, म्हणजे ग्रॅफाइट निम्मं भरलेलं आहे.

याचा खरा उपयोग जुन्या सेलची तपासणी करताना होतो. समजा, ग्रॅफाइटची पूर्ण क्षमता 120 अँपिअर-तास आणि सेलची 100 आहे. रिकाम्यापासून मोजलं तर पायरी 60वर येईल आणि तिच्या वर 40 उरतील. काही वर्षांनी सेल 90 वर आला, पण पायरी 60वरच राहिली, तर ग्रॅफाइट शाबूत आहे. लिथियम मात्र घटलं, बहुधा ग्रॅफाइटवर साचणाऱ्या थरात अडकून. पायरीच 60वरून खाली सरकली असती, तर दोष ग्रॅफाइटवर आला असता.

मात्र मोजणीत घाई चालत नाही. जोरात चार्ज केलेल्या अॅनोडमध्ये वरचा भाग सोनेरी आणि तळाचा अजून निळसर, असंही होतं. मग पायरी पुसट होते आणि तिची जागा सांगता येत नाही.